बेळगावात आयुष्मान कार्डावर चालणाऱ्या हॉस्पिटलांची खरी सरकारी यादी कुठं मिळते?

माचीगडकर

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातला आहे. बाबांना चालताना छातीत भरून येतं म्हणून बेळगावात एका डॉक्टरांकडं नेलं. अँजिओग्राफी झाली, दोन ठिकाणी ब्लॉक आहेत. "अँजिओप्लास्टी करून घ्या, आज-उद्याची घाई नाही, पण महिना काढू नका" असं सांगितलंय. त्या डॉक्टरांकडं योजना नाही. आमचं बीपीएल रेशन कार्ड आहे, आयुष्मानचं कार्ड गेल्या वर्षी ग्रामवन सेवा केंद्रात काढलेलं.

आता प्रश्न एवढाच आहे की कुठल्या हॉस्पिटलात जायचं. मोबाईलवर मराठीत "आयुष्मान भारत हॉस्पिटल यादी बेळगाव" असं टाकलं तर वरच्या चारपाच साइटी सगळ्या कुणाच्यातरी खासगी. एकीवर जिल्हा निवडला तर नाव, मोबाईल, आधार नंबर मागितला आणि "यादी डाऊनलोड" करायला 99 रुपये. पैसे भरले नाहीत, पण मोबाईल नंबर टाकून बसलो होतो. दुसऱ्या दिवसापासून आरोग्य विमा घ्या म्हणून फोन सुरू. दुसऱ्या साइटवर पीडीएफ मिळाली, ती उघडली तर त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा! बेळगाव नावालासुद्धा नाही.

कुणी खरी सरकारी यादी कुठं असते ते सांगेल का? एजंट नको. पुढच्या गल्लीतला एक जण दोन हजारात "सगळं करून देतो" म्हणतोय.

खुशाल_शहापूर

अहो यादी कशाला शोधताय? आयुष्मान कार्ड म्हणजे मोदी सरकारचं कार्ड, पाच लाखापर्यंत अख्ख्या भारतात चालतं. हॉस्पिटलच्या बाहेर आयुष्मानचा बोर्ड दिसला की सरळ आत जायचं आणि कार्ड दाखवायचं. आमच्या काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन असंच झालं. मी तर म्हणतो थेट कोल्हापूर किंवा मिरजेला जा.

उमा_टिळकवाडी

खुशालराव, पाच लाखाचं बरोबर, पण "बोर्ड दिसला की आत जायचं" हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच लोकांची फजिती होते. मी काही वर्षं बेळगावातल्या एका हॉस्पिटलात आरोग्यमित्र होते, योजनेच्या टेबलवर. रोज कुणीतरी बोर्ड बघून यायचं आणि परत जायचं.

माचीगडकर, आधी यादी. तुम्हाला लागणाऱ्या सरकारी जागा दोन आहेत आणि दोन्हीकडं एक पैसा लागत नाही, आधार लागत नाही, ओटीपी लागत नाही.

पहिली केंद्राची. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत स्वतः हे टाइप करा, गुगलमध्ये शोधू नका:

```
hospitals.pmjay.gov.in
```

`pmjay.gov.in` च्या पहिल्या पानावर `Find Hospital` असं असतं, तिथूनही इथंच पोचता येतं. राज्य `Karnataka`, जिल्हा बेळगाव. `Belagavi` दिसलं नाही तर `Belgaum` बघा, सरकारी साइटींवर दोन्ही स्पेलिंगं अजून फिरतात. हॉस्पिटलचा प्रकार रिकामा सोडा म्हणजे सरकारी, खासगी, धर्मादाय सगळी येतील. मग `Speciality` हा रकाना. तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे, त्यावर खाली लिहिते. शेवटी चित्रातली अक्षरं भरायची आणि शोधायचं.

दुसरी जागा राज्याची. कर्नाटकात ही योजना सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्ट चालवतं, बेंगळूरला. लोक त्याला नुसतं "सास्ट" म्हणतात. साइट `sast.karnataka.gov.in`. हॉस्पिटलला यादीत घेणं, काढणं आणि बिल मंजूर करणं हे सगळं सास्टच्या हातात. म्हणून दोन्ही याद्यांत नाव जुळलं नाही तर मी सास्टवर भरवसा ठेवीन आणि वर एक फोनही करीन. कर्नाटकात 104 ही आरोग्य सहायवाणी आहे, सास्टचा टोल फ्री 1800-425-8330, केंद्राचा 14555. 104 वर कन्नडमध्ये बोलावं लागतं बहुतेकदा, पण "हॉस्पिटलचं नाव, कार्डिऑलॉजी, आयुष्मान" एवढं सांगितलं की समजून घेतात.

सास्टच्या साइटवर एक फसगत होते तीही सांगते. हेच ट्रस्ट राज्य सरकारी कर्मचाऱ्यांची योजनाही चालवतं आणि तिची हॉस्पिटलांची यादी वेगळी आहे. मोबाईलवर घाईघाईत पहिली दिसेल ती यादी उघडली तर ती कर्मचाऱ्यांची निघू शकते. यादीच्या डोक्यावर `ArK` म्हणजे आरोग्य कर्नाटक लिहिलंय का ते आधी बघा.

आता ते स्पेशालिटीचं. हॉस्पिटल यादीत असतं म्हणजे तिथलं सगळं योजनेत असतं असं नाही. हॉस्पिटल विभागवार जोडलेलं असतं. एखाद्याचा फक्त अस्थिरोग आणि जनरल सर्जरी योजनेत, बाकी सगळं रोखीत. बाहेर बोर्ड मात्र एकच. म्हणून `Speciality` मध्ये `Cardiology` निवडून शोधा. तिथंच जवळ `Cardio-thoracic & Vascular surgery` असंही दिसेल, ते बायपास करणाऱ्या सर्जनचं खातं. तुम्हाला अँजिओप्लास्टी सांगितलीय, ती कार्डिऑलॉजीत येते. दोन्ही असलेलं हॉस्पिटल मिळालं तर उत्तमच, उद्या बेत बदलला तर जागा बदलायला नको.

आणि हो, हे सगळं घाई नसताना. बाबांना बसल्या जागी छातीत दुखायला लागलं, घाम फुटला, तर यादी बाजूला ठेवा आणि जवळच्या हृदयाच्या हॉस्पिटलात न्या. इमर्जन्सीला कर्नाटकच्या योजनेत रेफरल लागत नाही.

निपाणी_तंबाखू

आमच्याकडं पण सेम झालं. सोसायटीचं कार्ड आहे, पाच लाखाचंच. हर्नियाला गेलो तर तुमचं कार्ड इथं चालत नाही म्हणाले. यादीत नाव होतं हॉस्पिटलचं! मी स्वतः बघून गेलेलो. सरकार सगळं कागदावर देतं, हातात काय नाही.

उमा_टिळकवाडी

निपाणीकर, सोसायटीचं म्हणजे यशस्विनी का? सहकारी संघाच्या सभासदांची, वर्षाला वर्गणी भरून घेतात ती?

निपाणी_तंबाखू

होय तीच. पतसंस्थेतून काढली.

उमा_टिळकवाडी

मग तुम्ही बघितलेली यादी दुसऱ्या योजनेची होती. यशस्विनी सहकार खात्याची, तिची हॉस्पिटलं निराळी. आयुष्मानच्या यादीत असलेलं हॉस्पिटल यशस्विनीत असेलच असं नाही. तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडं यशस्विनीची यादी असायला हवी, मागा.

शिवाय तुमच्याकडं बीपीएल कार्ड असेल तर हर्निया आयुष्मानमध्येही होतो, पण साधी ऑपरेशनं कर्नाटकानं सरकारी हॉस्पिटलांसाठी राखून ठेवलीत. खासगीत गेलात तर योजना असूनही नाही म्हणणार. हॉस्पिटलचं चुकलं असं म्हणता येत नाही त्यात.

निपाणी_तंबाखू

सरकारीत कोण जातंय हो. असो.

सीमावासी_उचगाव

माचीगडकर, तुम्हाला जी कोल्हापूर-सांगलीची पीडीएफ मिळाली ती बिनकामाची समजू नका. ती महाराष्ट्राच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची असणार. मराठीत शोधलं की गुगल महाराष्ट्राचंच देतं, त्याला काय माहीत आपण कुठल्या बाजूला आहोत.

पण आपला हक्क आहे त्यावर. 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारनं निर्णय घेतला की सीमाभागातल्या 865 गावांतल्या कुटुंबांना फुले योजना लागू. त्यासाठी सीमेलगतची जादा हॉस्पिटलं घेणार असंही त्यात होतं. खानापूर तालुक्यातली गावं त्या 865 मध्ये आहेत. तिची सरकारी साइट `jeevandayee.gov.in`, फोन 155388 किंवा 1800-233-2200. तिथं जिल्हावार अंगीकृत रुग्णालयांची यादी मिळते. कानडी सरकारच्या दारात उभं राहण्यापेक्षा हे बरं.

खुशाल_शहापूर

हेच म्हणत होतो मी. कोल्हापूर.

कॅम्पातला_मध्या

सीमावासी, भावना समजतात, पण त्यांच्या बाबांना ब्लॉक आहे. फुले योजनेसाठी गाव 865 मध्ये आहे हे सिद्ध करणारे कागद घेऊन कोल्हापूर-सांगलीच्या आरोग्यमित्रापुढं बसायचं, तिथं कर्नाटकाचं रेशन कार्ड बघून त्यानं डोकं खाजवायचं, या सगळ्यात किती दिवस जातील? बेळगावात हातात आयुष्मान आहे, ते आधी वापरावं.

सीमावासी_उचगाव

आमच्या गावच्या लोकांना मिळालेत हो लाभ. कागद नीट असले तर होतं. तुम्ही कॅम्पातले, तुम्हाला काय.

कॅम्पातला_मध्या

हे बघा सुरू झालं.

उमा_टिळकवाडी

दोघंही थांबा जरा. फुले योजना सीमाभागाला लागू केली हे खरं, आणि ज्यांना कोल्हापूर जवळ पडतं त्यांनी 155388 वर आधी फोन करून कागद कुठले लागतील ते विचारून घ्यावं. फोनवर जे सांगतील ते लिहून घ्या, सांगणाऱ्याचं नावही. माचीगडकरांसाठी मात्र मीही आधी बेळगावच म्हणेन.

खुशालराव, "अख्ख्या भारतात" बद्दल. आयुष्मान दुसऱ्या राज्यात चालतं, त्याला पोर्टेबिलिटी म्हणतात. पण कर्नाटकात केंद्राच्या यादीतल्या कुटुंबांबरोबर राज्यानं आपल्या पैशानं आणखी लाखो बीपीएल कुटुंबं घेतलीत. दुसऱ्या राज्यात जायचं तर तुमचं नाव केंद्राच्या पीएम-जय यादीत आहे का ते आधी बघावं लागतं. ते बघायची जागा `beneficiary.nha.gov.in`, आणि तिथं मात्र ओटीपी लागतो कारण तिथं तुमची माहिती उघडते. हॉस्पिटल शोधायला ओटीपी नाही, स्वतःचं नाव शोधायला ओटीपी. एवढा फरक लक्षात ठेवला तरी निम्म्या एजंट साइटी ओळखता येतात. नुसती यादी दाखवायला जो आधार मागतो तो सरकारी नाही.

आणि एपीएल कार्डवाले कुणी वाचत असतील तर, तुम्हालाही ही यादी लागू आहे, पण पॅकेजच्या 30 टक्केच सरकार देतं, कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत. बाकीचे 70 टक्के खिशातून. हे ऐकल्याशिवाय ॲडमिट होऊ नका.

डॉट_कॉम_देसूरकर

आयटीत आहे म्हणून साइट ओळखण्याचं थोडं लिहितो. नुसतं पत्त्यात `gov.in` दिसलं म्हणून सरकारी समजू नका. `https://` च्या पुढं बघायला सुरुवात करा आणि पहिली तिरकी रेघ येईल तिथं थांबा. त्या रेघेच्या लगेच आधी `.gov.in` किंवा `.nic.in` असेल तर सरकारी, कारण ती शेपटी सरकारी खात्यांशिवाय कुणाला मिळत नाही. मधेच कुठं असेल तर काही उपयोग नाही. नमुना म्हणून बनवून दाखवतो:

```
https://hospitals.pmjay.gov.in/Search/...    सरकारी
https://pmjay.gov.in.yadi-pahije.com/        खासगी
https://pmjay-gov-in.org/                    खासगी
```

दुसऱ्यात खरी शेपटी `yadi-pahije.com` आहे, पुढचं सगळं शोभेचं. तिसऱ्यात टिंबाच्या जागी आडवी रेघ आहे, मोबाईलच्या बारक्या पडद्यावर ती डोळ्याला लागतच नाही. शिवाय मोबाईलचं ब्राउझर लांब पत्त्याचा थोडाच भाग दाखवतं, म्हणून पट्टीवर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडून वाचा.

गुगलवर वर `Sponsored` किंवा "प्रायोजित" लिहिलेलं असतं ते पैसे देऊन वर आलेलं. त्यात सरकारी साइट क्वचितच असते.

ज्यांच्या पानावर नुसती पीडीएफ टाकलेली असते त्यांचं काय, असं कुणी विचारेल. ती पीडीएफ एकेकाळी खरी सरकारीच असते, फक्त जुनी. हॉस्पिटलं योजनेत येतात, सोडून जातात, कधी निलंबित होतात. चार वर्षांपूर्वीची यादी घेऊन ॲडमिट व्हायला गेलात तर तोंडघशी पडाल, आणि पीडीएफवर तारीखच नसते बहुधा.

ग्रामवन_बाळू

मी खानापूरकडं ग्रामवन चालवतो. सगळ्या एजंटांना एकाच माळेत ओवू नका ही विनंती. आम्ही पण कार्ड काढतो, प्रिंट देतो, त्याचे ठरलेले पैसे घेतो आणि पावती देतो. लोक स्वतःहून येतात कारण घरी नेट नाही, ओटीपी येणारा सिम मुलाकडं पुण्यात.

पण माचीगडकर, दोन हजारात "सगळं करून देतो" म्हणणारा काय करून देणार ते त्याला विचारा की. यादी फुकट. कार्ड तुमच्याकडं आहे. रेफरल सरकारी डॉक्टर देतो, त्याला पैसे नाहीत. मंजुरी हॉस्पिटलच सास्टकडून ऑनलाइन घेतं. मधे त्याचं काम उरतं कुठं? तो तुम्हाला एका ठराविक हॉस्पिटलात नेऊन सोडणार, आणि तिथून त्याला मिळतं ते वेगळंच.

माचीगडकर

उमाताई, फार आभार. तुम्ही सांगितलं तसं टाकलं, बेळगाव जिल्हा, `Cardiology`. आधी स्पेशालिटी न निवडता शोधलेलं तेव्हा पानंच्या पानं आली, त्यात आमच्या तालुक्याचं सरकारी हॉस्पिटल, प्राथमिक आरोग्य केंद्रंसुद्धा. कार्डिऑलॉजी निवडल्यावर यादी एकदम मूठभर झाली आणि ती बहुतेक बेळगाव शहरातलीच. गंमत म्हणजे ज्या हॉस्पिटलाचं नाव तो दोन हजारवाला सांगत होता ते पहिल्या यादीत होतं, दुसऱ्यात नाही! म्हणजे योजनेत आहे, पण हृदयासाठी नाही.

मग त्यातलं एक निवडलं, सास्टच्या यादीतही ते आहे. आज तिथं जाऊन आलो. बिलिंगच्या खिडकीवरची मुलगी म्हणाली, "आयुष्मान चालत नाही, डिपॉझिट भरा." मी मोबाईलवर यादी दाखवली तर म्हणाली साइट जुनी आहे. आता काय?

उमा_टिळकवाडी

बिलिंगच्या खिडकीवर विचारायचंच नाही. प्रत्येक जोडलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, ते शोधा. नाव विचारा, "इल्ली आयुष्मान आरोग्यमित्र यारु?" एवढं कन्नड पुरतं. बिलिंगवाल्यांना रोखीचा पेशंट हवा असतो, योजनेचे पैसे हॉस्पिटलला उशिरा येतात, हे उघड गुपित आहे.

पण तुमच्या बाबतीत ती मुलगी कदाचित दुसरंच सांगत असेल. तुमच्याकडं रेफरल आहे का?

माचीगडकर

नाही. कार्ड आणि रेशन कार्ड घेऊन गेलो.

उमा_टिळकवाडी

मग तिथंच अडलं. कर्नाटकात खासगी हॉस्पिटलात योजनेतून मोठा उपचार घ्यायचा तर आधी सरकारी हॉस्पिटलनं रेफर करावं लागतं. महाराष्ट्रात फुले योजनेत लोक थेट खासगीत जातात, कर्नाटकात तसं नाही. मराठी व्हिडिओ बघून जाणाऱ्या आपल्या लोकांचा हमखास इथंच गोंधळ होतो, कारण व्हिडिओ महाराष्ट्राचा असतो.

खानापूरच्या तालुका हॉस्पिटलात जा किंवा थेट बेळगावच्या जिल्हा हॉस्पिटलात, म्हणजे बिम्समध्ये. अँजिओग्राफीचा रिपोर्ट, सीडी, डॉक्टरांची चिठ्ठी, रेशन कार्ड, बाबांचं आधार घ्या. बाबांना सोबत न्या, नुसत्या कागदांवर करत नाहीत. तिथला डॉक्टर तपासून, हा उपचार आमच्याकडं होत नाही म्हणून रेफर करतो. तो उपचार तिथंच होत असेल तर तिथंच करा म्हणतील, त्यालाही तयारी ठेवा. रेफरल घेताना यादीतल्या तुमच्या पसंतीच्या हॉस्पिटलाचं नाव तुम्ही सांगू शकता, म्हणून यादी आधी बघून जाणं महत्त्वाचं. नाहीतर समोरचा सांगेल ते.

आणि रेशन कार्डावर बाबांचं नाव आणि आधारवरचं नाव सारखं आहे का ते आजच बघा. "मारुती" आणि "मारूती" एवढ्यावर अडलेली माणसं मी बघितलीत.

पांगुळ_गल्ली_वैनी

मध्येच बोलते. आमच्या ह्यांच्या वेळी रेफरल होतं, मित्र पण चांगला होता, तरी ॲडमिट झाल्यावर "स्टेंट भारीचा घालूया, योजनेत साधा येतो" म्हणून पन्नास हजार वरचे मागितले. ऑपरेशन थिएटरच्या दारात कोण भांडणार? दिले. पावती मागितली तर नुसती चिठ्ठी.

उमा_टिळकवाडी

वैनी, अँजिओप्लास्टीच्या पॅकेजमध्येच स्टेंट येतो. "वरचे" मागितले तर आरोग्यमित्राला तिथल्या तिथं बोलवायचं आणि त्याच्यासमोर 104 ला फोन लावायचा. नंतरही तक्रार करता येते, `cgrms.pmjay.gov.in` वर, नाहीतर जिल्हा आरोग्य अधिकारी कार्यालयात योजनेचे समन्वयक बसतात त्यांच्याकडं लेखी. पण पावतीशिवाय फार ताणता येत नाही, हेही खरं. ती चिठ्ठी ठेवलीत का?

पांगुळ_गल्ली_वैनी

कुठं ठेवली काय की. बघते.

डॉट_कॉम_देसूरकर

माचीगडकर, यादीच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारीख आणि पत्त्याची पट्टी दिसेल असा. "साइट जुनी आहे" म्हणणाऱ्याला तो दाखवता येतो आणि तक्रारीलाही जोडता येतो.

खुशाल_शहापूर

एवढं सगळं करण्यापेक्षा ओळखीचा नगरसेवक गाठला असता तर एका फोनात झालं असतं.

ग्रामवन_बाळू

नगरसेवक काय पोर्टलवर रेफरल टाकणार आहे?

माचीगडकर

अपडेट देतो. बिम्समध्ये बाबांना घेऊन गेलो. रांग मोठी होती, पण हृदयाचा रिपोर्ट बघून लवकर आत घेतलं. त्यांनी रेफरल दिलं, हॉस्पिटल मी सांगितलं तेच. मग त्या हॉस्पिटलात पुन्हा गेलो, यावेळी बिलिंगकडं न बघता सरळ आरोग्यमित्राकडं. तळमजल्यावर कोपऱ्यात टेबल आहे, औषध दुकानाच्या मागं, पाटी कन्नडमध्ये. मी परवा त्याच्यासमोरूनच गेलो होतो. त्यानं कार्ड तपासलं, रेफरल दिसतंय म्हणाला, कागद घेतले. डिपॉझिटचं विचारलं तर "काही भरू नका" म्हणाला. मंजुरी आल्यावर फोन करतो म्हणालाय.

एक अडचण निघाली. आईचं नाव त्याच कार्डावर आहे, पण तिच्या आधारवर माहेरचं नाव. उद्या तिला काही लागलं तर? बाळूभाऊ, तुमच्याकडं होईल का हे?

ग्रामवन_बाळू

आधारवरचं नाव बदलायचं असेल तर आधार केंद्रात जावं लागेल, लग्नाचं प्रमाणपत्र आहे का? ते बघा आधी. आधार झालं की रेशन कार्डाचं ई-केवायसी आमच्याकडं या. सर्व्हर चालू असला तर तासाभराचं काम.

सीमावासी_उचगाव

मंजुरी नाही आली तर 155388 विसरू नका. तुमचं गाव 865 मध्ये आहे.

कॅम्पातला_मध्या

सीमावासी, एक खरंच विचारतो, वाद नाही. बेळगाव शहरात राहणाऱ्यांचं काय? माझं रेशन कार्ड शहराचं आहे. फुले योजनेला शहरातल्यांनी कुठले कागद द्यायचे? तुमच्या ओळखीत शहरातल्या कुणाला मिळालीय का?

सीमावासी_उचगाव

शहरातल्यांचं विचारून सांगतो. आमच्याकडं गावच्या दाखल्यावर झालं.

निपाणी_तंबाखू

सेक्रेटरीला यशस्विनीची यादी मागितली. म्हणतो ऑफिसात आहे, सोमवारी या.